‘एटीपी कुठे?’ असा शेरा मारून गुण कापले तर मॅडमना पत्र कसं लिहावं

प्रश्न: सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या सत्र परीक्षेत सहा गुणांचा प्रश्न होता: ‘लहान आतड्यातील पेशीत ग्लुकोज कसे शिरते ते आकृतीसह स्पष्ट करा. हे वहन सक्रिय आहे का, ते सकारण सांगा.’ मी सोडियमचा उतार, एसजीएलटी१, पंप असं सगळं लिहून ‘हे दुय्यम सक्रिय वहन आहे’ असं सांगितलं. सहापैकी दोन मिळाले. समासात लाल शाईने लिहिलंय, ‘एटीपी कुठे? हे फॅसिलिटेटेड.’ मला वाटतं मी बरोबर आहे, पण मॅडम रागावतील अशी भीती वाटते. उत्तराचे फोटो आणि पत्राचा कच्चा मसुदा सोबत जोडलाय. कसं लिहू?

उत्तर:

मसुदा बाजूला ठेवून मी आधी तुझं उत्तर वाचलं, तेही तपासणारा वाचतो तसं, म्हणजे भराभर. मूळ मुद्द्यावर तू बरोबर आहेस. पण उत्तर सहापैकी सहाचं नाही, आणि पत्र लिहिण्याआधी हे तुला स्वतःला कळायला हवं. नाहीतर मॅडम तुझ्यासमोर वही उघडतील, जिथे तू खरंच चुकली आहेस तिथे बोट ठेवतील, आणि बरोबर असलेला मुद्दाही त्या चुकीबरोबर वाहून जाईल.

बरोबर काय आहे ते आधी पाहू. तुझ्या उत्तराच्या दुसऱ्या पानावर हे आहे: ‘सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी वापरून सोडियम पेशीबाहेर काढतो. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतो. सोडियम परत आत येताना एसजीएलटी१ मधून ग्लुकोजला सोबत आणतो. पेशीत ग्लुकोज जास्त असले तरी ते आत येते. म्हणून हे दुय्यम सक्रिय वहन आहे.’ ही पाच वाक्यं तुझी खरी कमाई आहे. ‘एटीपी कुठे?’ या शेऱ्याचं उत्तर पहिल्याच वाक्यात आहे. मॅडमना ते दिसलं नाही, असं मला वाटतं. आता ते का दिसलं नाही, ते सांगतो.

त्याच परिच्छेदाचं शेवटचं वाक्य वाच: ‘अशा प्रकारे पंप ग्लुकोज आत ओढतो.’ इथे तू स्वतःच घोटाळा केलास. पंप ग्लुकोजला हातसुद्धा लावत नाही. त्याचं काम सोडियम आणि पोटॅशियमपुरतं आहे: एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. ग्लुकोजला आत घेणारं प्रथिन वेगळं, त्याची जागाही वेगळी. शंभर-सव्वाशे वह्यांचा गठ्ठा संपवताना परिच्छेदाचं शेवटचं वाक्य नजरेत भरतं, आधीची निसटतात. शेवटचं वाक्य चुकीचं दिसलं की आधीच्या बरोबर वाक्यांवरचा विश्वासही कमी होतो.

दुसरी चूक आकृतीत आहे, आणि ती जास्त गंभीर आहे. तू पंप काढलास आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला, सूक्ष्मांकुरांच्या शेजारी, एसजीएलटी१ला लागून. तो तिथे नसतो. तो असतो पेशीच्या बुडाकडे आणि कडांना, रक्ताच्या बाजूला. तुला ही बारीक चूक वाटेल, पण सोडियमची सगळी वाट त्या जागेवरच ठरते. पोकळीकडून सोडियम आत येतो, रक्ताकडून बाहेर जातो, म्हणून सोडियमचं वहन एका दिशेने चालतं. दोन्ही एकाच भिंतीत बसवलीस तर आलेला सोडियम त्याच बाजूने परत जाईल आणि रक्तापर्यंत पोचणारच नाही. शिवाय तुझ्या आकृतीत रक्ताच्या बाजूला ग्लुट२ दाखवलेलाच नाही. मग ग्लुकोज पेशीतून बाहेर कसं पडतं? प्रश्न ‘पेशीत कसे शिरते’ एवढाच होता, म्हणून ग्लुट२ नसल्याबद्दल मी गुण कापले नसते. पंपाच्या जागेसाठी एक नक्की कापला असता.

प्रश्नपत्रिकेत गुणांची विभागणी छापलेली नाही. माझ्याकडे हा प्रश्न आला असता तर मी आकृतीला दोन, प्रक्रियेला दोन आणि कारणाला दोन असे धरले असते. त्या हिशोबाने तुला आकृतीचा एक, प्रक्रियेचा दीड आणि कारणाचे पूर्ण दोन मिळाले असते. म्हणजे चार किंवा साडेचार. तुझी मागणी तेवढ्याची आहे, सहाची नाही. हा आकडा पत्रात लिहू नकोस, फक्त मनात ठेव.

आता वादाच्या मुद्द्याकडे वळू. हा तुला इतका पक्का यायला हवा की मॅडमनी उलटसुलट विचारलं तरी अडखळणार नाहीस.

‘एटीपी नाही म्हणजे सक्रिय नाही’ हे वाक्य आपल्याकडे अकरावीपासून डोक्यात बसतं. विसरणाला ऊर्जा लागत नाही, सक्रिय वहनाला एटीपी लागतो, असा दोन रकान्यांचा तक्ता आपण पाठ करतो. सोडियम पंपापुरता तक्ता बरोबर आहे. पण सक्रिय वहनाची खरी कसोटी पदार्थ चढावर जातो का ही आहे, म्हणजे जिथे तो आधीच जास्त आहे तिकडे त्याला नेलं जातं का. चढ चढायला ऊर्जा लागतेच. ती थेट एटीपी फोडून मिळाली तर वहन प्राथमिक, आणि एटीपी खर्चून आधी साठवलेल्या दुसऱ्या एखाद्या उतारातून मिळाली तर दुय्यम. गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण घे. मोटर वीज खाऊन पाणी वर चढवते. संध्याकाळी वीज गेली तरी नळाला पाणी येतं, आणि त्या पडत्या पाण्यावर तू छोटं चाक फिरवू शकतेस. चाकाला वायर जोडलेली नाही, पण ते फुकट फिरत नाही. टाकी रिकामी झाली की थांबतं. एसजीएलटी१ म्हणजे ते चाक.

फॅसिलिटेटेड डिफ्यूजनमध्ये, म्हणजे सुलभ विसरणात, वाहक प्रथिन असतं, पण ते नुसतं दार असतं. दोन्हीकडची संहती सारखी झाली की एका दिशेला होणारी निव्वळ ये-जा थांबते. त्या दाराने पदार्थ कधीही चढावर जात नाही. लाल रक्तपेशीत ग्लुकोज असंच शिरतं. म्हणून मॅडमचा शेरा खरा धरायचा, तर आतड्याच्या पेशीत ग्लुकोज बाहेरच्यापेक्षा जास्त कधी साठायलाच नको. प्रत्यक्षात साठतं, आणि हे प्रयोगात दिसतं.

विल्सन आणि वाइजमन यांनी १९५४मध्ये एक सोपी युक्ती छापली. प्राण्याच्या लहान आतड्याचा तुकडा घ्यायचा आणि मोजा उलटवतो तसा काडीवर उलटवायचा, म्हणजे आतली शोषणारी बाजू बाहेर येते. एक टोक दोऱ्याने बांधायचं, आत थोडं ग्लुकोजचं द्रावण भरायचं, दुसरं टोक बांधून ती पिशवी त्याच संहतीच्या द्रावणात सोडायची आणि ऑक्सिजन देत राहायचा. सुरुवातीला आतबाहेर ग्लुकोज सारखंच, म्हणजे निव्वळ विसरण व्हायला कारणच नाही. तरी काही वेळाने बाहेरचं ग्लुकोज कमी होतं आणि पिशवीतलं वाढतं. सुलभ विसरणाने हे होऊच शकत नाही. बाहेरच्या द्रावणातला सोडियम काढून त्याजागी दुसरा निरुपद्रवी आयन घातला की ही चढण बंद पडते. फ्लोरिझिन घातलं, जे एसजीएलटी१ची जागा अडवतं, तरी बंद पडते. आणि वाबेन घातलं, जे फक्त सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं आणि ग्लुकोजच्या वाहकाला शिवतही नाही, तरी हळूहळू बंद पडते. यातली एक गंमत तुझ्या आकृतीच्या चुकीशीच जोडलेली आहे: वाबेनचा हा परिणाम ते रक्ताच्या बाजूने दिलं तर दिसतो, कारण पंप त्या बाजूला आहे.

म्हणजे एसजीएलटी१ला स्वतःला एटीपी लागत नाही हे खरं, पण एटीपीवर चालणारा पंप बंद केला की त्याचा टेकू निघतो हेही खरं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी म्हणता आली पाहिजेत. रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये प्रागच्या एका परिषदेत नेमका हाच जोड मांडला: सोडियमच्या उतारावर ग्लुकोजची चढण. पंप त्याआधी तीन वर्षं येन्स स्काऊ यांनी खेकड्याच्या चेतातंतूंमध्ये शोधला होता. त्या कामाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते पार १९९७मध्ये.

हा चढ किती उंच असू शकतो, याचा हिशोब एकदा हाताने करून बघ, त्याने मनातली शंका कायमची जाते. पेशीबाहेर सोडियम लिटरला साधारण १४० मिलिमोल, आत १२ धर. शरीराच्या तापमानाला दहापट फरकाची किंमत सुमारे ६१ मिलिव्होल्ट असते. १४० भागिले १२ म्हणजे पावणेबारा पट, त्याची किंमत झाली साधारण ६५ मिलिव्होल्ट. शिवाय पेशी आतून ऋण आहे, समजा ५० मिलिव्होल्ट, आणि सोडियम धनभारित. तेही जमेला धर, म्हणजे एका सोडियममागे ११५ झाले. एसजीएलटी१ एका ग्लुकोजमागे दोन सोडियम घेतो, म्हणजे २३०. याला ६१ने भागलं की पावणेचारच्या आसपास येतं. याचा अर्थ, दहाचा पावणेचारावा घात: बाहेरच्यापेक्षा पाच-सहा हजार पट ग्लुकोज आत कोंबण्याइतकी ताकद या उतारात आहे, निदान कागदावर. एकच सोडियम असता तर हीच ताकद जेमतेम पाऊणशे पट झाली असती. प्रत्यक्षात पेशी तिथवर कधी पोचत नाही, कारण ग्लुट२मधून ग्लुकोज सतत रक्तात निघून जातं. पण जेवण संपत आल्यावर आतड्यात उरलेलं शेवटचं थोडंसं ग्लुकोजही शरीर सोडत नाही, ते या दोन सोडियममुळे.

हा हिशोब, प्रागची परिषद, उलटवलेली पिशवी यातलं काहीही पत्रात घालायचं नाही. तुझ्या मसुद्यातली सगळ्यात मोठी चूक तीच आहे. तू दीड पान नवीन माहिती लिहिलीस, त्यात ओआरएसचंही उदाहरण दिलंस. उदाहरण सुंदर आहे. कॉलऱ्यात आतडं पाणी ओतत असतं तेव्हाही हा वाहक शाबूत असतो, म्हणून नुसतं मीठ-पाणी पाजून जे होत नाही ते साखर घातल्यावर होतं. आजच्या प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरला सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५-७५ मिलिमोल असतात, ते यासाठीच. पण हे तुझ्या उत्तरपत्रिकेत नाही! पुनर्तपासणी होते ती परीक्षेच्या वेळेत कागदावर उतरलेल्या मजकुराची. तुला घरी येऊन काय समजलं याला गुण देता येत नाहीत, दिले तर ते वर्गातल्या बाकीच्यांवर अन्याय ठरेल. पत्रात नवी माहिती दिसली की तपासणाऱ्याला वाटतं, हिने आता वाचून लिहिलंय. मग वहीतली जुनी पाच वाक्यंही संशयाने वाचली जातात.

मसुद्यातून आणखी तीन गोष्टी काढ. ‘माझ्या मैत्रिणीने हेच लिहिलं आणि तिला पाच मिळाले’ हे वाक्य पहिलं जाऊ दे. मॅडमना मग तिची वही काढावी लागेल, आणि तिचे कमी होतील, तुझे वाढणार नाहीत. ‘मी खूप अभ्यास केला होता’ हेही काढ, गुण अभ्यासाला नसतात. आणि ‘आपण चुकीचे तपासले आहे’ ऐवजी शेरा जसाच्या तसा उद्धृत कर. शेरा आणि तुझं वाक्य शेजारी शेजारी ठेवलं की विसंगती आपोआप दिसते, तू ती बोलून दाखवायची गरज राहत नाही.

पत्राला बसण्याआधी एक काम कर. अभ्यासक्रमात नेमून दिलेलं पुस्तक उघड आणि सक्रिय वहनाची व्याख्या शब्दशः वाच. पेशीशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत प्राथमिक आणि दुय्यम असे दोन प्रकार दिलेले असतात आणि सोडियम-ग्लुकोज सहवहन दुय्यमखाली येतं. पण एखाद्या पुस्तकात किंवा वर्गातल्या नोट्समध्ये ‘थेट एटीपी वापरणारे वहन म्हणजे सक्रिय’ अशी अरुंद व्याख्या असेल, तर मॅडमनी त्याच चौकटीत तपासलं असणार. तसं असेल तर तुझा मुद्दा मरत नाही, फक्त सूर बदलतो: ‘नोट्समधील व्याख्या आणि पाठ्यपुस्तकातील व्याख्या यांत फरक आढळला, यांपैकी कोणती धरावी?’ त्या पानाची झेरॉक्स जोड आणि ती ओळ पेन्सिलने अधोरेखित कर. इंटरनेटवरचा छापील कागद जोडू नकोस.

पत्र मी असं लिहिलं असतं:

> दिनांक: ________
>
> प्रति,
> आदरणीय मॅडम,
> प्राणीशास्त्र विभाग
>
> विषय: सत्र परीक्षेतील प्रश्न क्र. ३ (ब) च्या उत्तराची पुन्हा तपासणी करण्याबाबत विनंती
>
> आदरणीय मॅडम,
>
> मी बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे (हजेरी क्र. ____). पेशीशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत प्रश्न क्र. ३ (ब) मध्ये मला सहापैकी दोन गुण मिळाले आहेत. उत्तरपत्रिका पाहताना एका मुद्द्याबाबत मला शंका आली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.
>
> या उत्तरावर आपला शेरा आहे: ‘एटीपी कुठे? हे फॅसिलिटेटेड.’ पान २, ओळ ४ ते ९ मध्ये मी असे लिहिले आहे की, पंप एटीपी वापरून सोडियम बाहेर काढतो, त्या उतारामुळे सोडियमबरोबर ग्लुकोज एसजीएलटी१ मधून आत येते, आणि पेशीत ग्लुकोज जास्त असतानाही ते येते. याच कारणाने मी त्याला दुय्यम सक्रिय वहन म्हटले आहे. नेमलेल्या पाठ्यपुस्तकात (पान क्र. ____) हे उदाहरण दुय्यम सक्रिय वहन या शीर्षकाखाली दिले आहे. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> उत्तर पुन्हा वाचताना माझ्या दोन चुका माझ्या लक्षात आल्या. आकृतीत मी पंप पोकळीच्या बाजूला दाखवला आहे, तो रक्ताच्या बाजूला हवा होता. तसेच ‘पंप ग्लुकोज आत ओढतो’ हे शेवटचे वाक्य चुकीचे आहे. या चुकांचे गुण जाणे योग्यच आहे. माझी विनंती फक्त ओळ ४ ते ९ मधील कारणमीमांसेपुरती आहे.
>
> आपल्या सोयीच्या वेळी ते उत्तर पुन्हा पाहावे, ही विनंती. माझी समजूत चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला मला आवडेल. त्यासाठी आपण सांगाल त्या वेळी मी विभागात येईन.
>
> आपली विद्यार्थिनी,
> ________
>
> सोबत: पाठ्यपुस्तकातील पानाची प्रत

एका पानात बसतं, मागची बाजू कोरी राहते. ओळींचे आकडे मी फोटोवरून मोजलेत, वहीत एकदा पडताळून घे.

स्वतःच्या चुका स्वतःच सांगायच्या, हे तुला पटणार नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनाही पटायचं नाही. पण टेबलाच्या पलीकडून हे कसं दिसतं ते ऐक. वीसेक वर्षांपूर्वी एका कॉलेजात मी मूत्रपिंडातल्या अमिनो आम्लांच्या पुनर्शोषणावरचं उत्तर असंच कापलं होतं. आदर्श उत्तरात ‘एटीपी’ शब्दाखाली रेघ होती, मुलाच्या उत्तरात तो शब्द पहिल्या ओळीत होता आणि मी शोधत होतो शेवटच्या ओळीत. मुलगा पुस्तकात चिठ्ठी घालून आला आणि आधी म्हणाला, ‘सर, माझी आकृती चुकली आहे, ती सोडून द्या.’ त्या एका वाक्याने माझा बचावाचा पवित्राच गेला. पूर्ण उत्तर परत वाचलं, अडीच गुण वाढवले आणि त्याच गठ्ठ्यातल्या आणखी चार वह्या काढून तेच केलं. त्याच्या आधी आलेला एक जण ‘सर, हे अन्यायकारक आहे’ म्हणत आला होता. मुद्दा तोच होता, पण मी त्याची वही उघडलीही नव्हती. हे मला शोभणारं नव्हतं, पण झालं तसं सांगतो.

पत्र दिलंस की मॅडम बहुधा तुला बोलावतील आणि तोंडी विचारतील. माझ्या मते तीन प्रश्न येऊ शकतात. पहिला, ‘मग ग्लुट२सुद्धा शेवटी या पंपावरच अवलंबून आहे ना? त्याला का सक्रिय म्हणत नाहीस?’ प्रश्न चांगला आहे आणि बरेच जण इथे अडकतात. ग्लुट२मधून ग्लुकोज पेशीतून रक्ताकडे जातं, कारण पेशीत ते जास्त आहे. म्हणजे उतारावर. रक्तात जास्त झालं तर याच दाराने उलटंही येईल. कुठेतरी मागे एटीपी खर्च झाला एवढ्याने वहन सक्रिय होत नाही. वाहकाच्या आत एका पदार्थाची घसरण दुसऱ्याच्या चढणीला जोडलेली असली पाहिजे. ग्लुट२मध्ये असा जोड नाही, एसजीएलटी१मध्ये आहे.

दुसरा, ‘भरपेट जेवणानंतर पोकळीत ग्लुकोज पेशीपेक्षा कितीतरी जास्त असतं. तेव्हा ते उतारावरच येतं, मग सक्रिय कसं?’ इथे घाईने ‘नाही मॅडम’ म्हणू नकोस, कारण त्या वेळेपुरतं त्यांचं म्हणणं खरं आहे. ग्लुकोजला तेव्हा चढ नसतो. पण यंत्रणा बदललेली नसते. वाहक तेव्हाही दोन सोडियम घेऊनच फिरतो, आणि संहती उलटली तरी तो ग्लुकोज आत आणत राहतो. नाव यंत्रणेला आहे, एका क्षणाच्या परिस्थितीला नाही.

तिसरा प्रश्न अगदी साधा असेल, ‘आकृती परत काढून दाखव.’ कोरा कागद आणि पेन्सिल सोबत ने. आधी पेशीच्या दोन बाजूंना नावं लिही, डावीकडे पोकळी, उजवीकडे रक्त. मग पंप उजवीकडे काढ, त्याच्याजवळ एटीपी लिही. मग डावीकडे एसजीएलटी१, त्यात दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे तीन बाण आत. शेवटी उजवीकडे ग्लुट२, ग्लुकोजचा एक बाण बाहेर. याच क्रमाने काढ, म्हणजे पंप चुकीच्या भिंतीत जाणार नाही.

आता एक कोरडी पण महत्त्वाची गोष्ट. हे सगळं तुझ्या कॉलेजनेच घेतलेल्या आणि मॅडमनीच तपासलेल्या परीक्षेपुरतं आहे. पेपर विद्यापीठाचा असेल तर मॅडमना पत्र देऊन काहीही होत नाही आणि त्यांनाही अवघडल्यासारखं होतं. तिथे निकालानंतर ठरलेल्या मुदतीत आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवायची आणि मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायचा. अर्जात अशी कारणमीमांसा लिहायला जागा नसते, दुसरा परीक्षक वही नव्याने तपासतो. गुण कमीही होऊ शकतात का, हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमात आधी बघ. कॉलेजातही अंतर्गत गुण विद्यापीठाकडे पाठवायची एक तारीख असते. ती परीक्षा विभागात विचारून घे आणि पत्र त्याच्या चार दिवस तरी आधी दे. तारीख उलटल्यावर मॅडमना पटलं तरी गुण बदलणं त्यांच्या एकटीच्या हातात राहत नाही.

पत्र मॅडमना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर देऊ नकोस. तास संपल्यावर दारात गाठ, ‘मॅडम, एक शंका होती, लिहून आणली आहे’ एवढंच म्हण आणि लिफाफा दे. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच पाठवू नकोस. त्यांनी ‘उद्या बघते’ म्हटलं तर आठवडाभर वाट बघ, मग एकदाच आठवण कर. आणि पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेव. त्यावर मॅडमची सही मागायची गरज नाही, आपल्या हाताने तारीख टाकलीस तरी पुरे.